दिवसाला वीस रुपये

बिलाचे पैसे देण्यासाठी आपल्या पंचांगात एकही बरा दिवस नाही. अमावास्येला देत नाहीत. दिवेलागणीनंतर लक्ष्मी घराबाहेर जाऊ देत नाहीत, आणि दिवेलागणीच्या आधी शेठ दुकानात येत नाहीत. पितृपक्षात नवं काही सुरू करायचं नसतं, मग त्या नियमात जुनी बिलंही आपोआप बसतात. गणपतीत वर्गणी असते, दिवाळीत ‘आता सणाच्या तोंडावर कुठं’, मार्चमध्ये मार्च एंड, एप्रिलमध्ये वर्ष नुकतंच सुरू झालेलं आणि मे महिन्यात सही करणारे गावाला गेलेले. उरलेल्या दिवसांत चेकबुक संपलेलं असतं. यूपीआय आल्यावर हे शेवटचं कारण तरी जाईल असं वाटलं होतं, पण आता सर्व्हर डाऊन असतो.

यातला एकही माणूस वाईट नसतो, हीच तर पंचाईत. मी छोट्या व्यावसायिकांची डिझाइनची कामं करतो. मिठाईचे खोके, साड्यांच्या पिशव्या, मसाल्यांची लेबलं, क्लासची माहितीपत्रकं. हे सगळे लोक मला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. मुलाच्या बारावीची चौकशी करतात. बिलाचा विषय निघाला की मात्र म्हणतात, “अहो, घरचंच आहे. पैसे कुठं पळून जातायत का?” पैसे पळून जात नाहीत हे खरंच आहे. ते जागचे हलतच नाहीत.

मोठ्या कंपनीकडे उशीर झाला तर निदान कुणावर रागावता येतं. तिथं व्हेंडर कोड असतो, परचेस ऑर्डर असते आणि आपल्याला कधीही न दिसलेला एक अकाउंट्सवाला असतो. विलंब आकार लावला तरी तो त्याच्या खिशातून जात नाही, त्यामुळे त्यालाही फारसं वाईट वाटत नाही. छोट्या ग्राहकाकडे मालक, खरेदी विभाग, अकाउंट्स आणि तक्रार निवारण असे चारही अधिकारी गल्ल्यावर एकाच खुर्चीत बसलेले असतात, आणि पुढच्या आठवड्यात ते आपल्याला लग्नाच्या पंगतीत शेजारी भेटणार असतात. अशा माणसाला ‘तुम्हाला दीड टक्का व्याज लागलंय’ हे जिलेबी वाढून घेताना कसं सांगायचं?

म्हणून बहुतेक लोक विलंब आकाराचं कलम लावतच नाहीत. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. तीन महिने गोड बोलून थकल्यावर एक दिवस रात्री अकरा वाजता अचानक बिलात १० टक्के ‘पेनल्टी’ घालून ते व्हॉट्सअॅपवर पाठवतात. आधी ठरलेलं नसताना मागाहून लावलेला आकार समोरचा मान्य करत नाही, आणि तसं करायला तो मोकळाही असतो. वर ‘पैशासाठी नातं तोडलं’ ही बातमी तो सोसायटीभर करतो. त्याने ४७ हजार दिले नाहीत ही बातमी कुणी करत नाही.

विलंब आकाराचं खरं काम आकार मिळवणं हे नाहीच. मागण्याचं काम आपल्या तोंडाकडून काढून कागदाकडे देणं, एवढ्यासाठीच तो असतो. आपण फोन केला की ‘मागे लागला’ होतं. कागदावर तारीख असली की ‘तारीख आली’ होतं. महावितरणचं बिल आठवा. त्यावर ठरावीक तारखेपर्यंत भरल्यास इतके, आणि त्या तारखेनंतर भरल्यास इतके, असे आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात. त्या दोन आकड्यांत सव्वा टक्क्याचा फरक असतो. तरी तेवढ्यासाठी भर उन्हात रांगेत उभे राहिलेले लोक आपण पाहिले आहेत. महावितरणशी कुणाचे संबंध त्या आकड्यामुळे बिघडल्याचं मी ऐकलेलं नाही. बिघडले असतील तर ते वीज गेल्यामुळे. आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्सचंही तसंच. आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावायची मुभा आहे, आणि ते लावणारे सेक्रेटरी काका संध्याकाळी त्याच थकबाकीदाराबरोबर बाकावर बसून राजकारणावर बोलतात. कारण ते काकांनी लावलेलं नसतं, उपविधींनी लावलेलं असतं.

तेव्हा आपलेही उपविधी हवेत. ते कामाच्या आधी हवेत आणि मराठीत हवेत. माझ्या कोटेशनच्या खाली हा मजकूर असतो:

‘बिलाची रक्कम बिलावर छापलेल्या तारखेपर्यंत द्यावी. त्यानंतरचे सात दिवस कोणताही आकार नाही. आठव्या दिवसापासून थकीत मूळ रकमेवर (जीएसटी वगळून) दरमहा दीड टक्का विलंब आकार दिवसांच्या हिशेबाने, सरळव्याजाने लागेल. तारीख पुढे न्यायची असल्यास ती उलटण्याआधी कळवावे. नवी तारीख ठरवू आणि त्या तारखेपर्यंत आकार लागणार नाही. कामाबद्दल किंवा बिलाबद्दल तक्रार असल्यास बिल मिळाल्यापासून पाच दिवसांत लेखी कळवावी.’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या शेठजींनी घडवलेलं आहे. ‘छापलेली तारीख’ अशासाठी, की ‘१५ दिवसांत’ असं लिहिलं तर ते १५ दिवस कधी सुरू होतात यावर पीएचडी होऊ शकते. बिल काढल्यापासून, बिल पोचल्यापासून, की शेठजींनी चष्मा लावून बिल पाहिल्यापासून? ‘१६ सप्टेंबर’ या शब्दांवर मात्र आजवर कुणाला भाष्य करता आलेलं नाही. ‘तात्काळ’ हा शब्दही टाळावा. आपल्याकडे तात्काळ फक्त रेल्वेचं तिकीट असतं, तेही मिळत नाही.

सात दिवसांची सवलत ही उदारपणा म्हणून नाही. सज्जन माणूस दोन-तीन दिवस विसरतोच, आणि त्याला चौथ्या दिवशी ६० रुपयांचा हिशेब पाठवणं हे आपल्याच अंगलट येतं. जीएसटी वगळून आकारणी अशासाठी, की सरकारला द्यायच्या रकमेवर आपण व्याज खातो असं कुणी म्हणू नये. शिवाय हिशेब सोपा होतो. दर दीड टक्का, म्हणजे वर्षाला १८. याहून चढा दर लावायचा मोह होतो, पण पाच टक्के महिना लिहिला तर समोरच्याला सावकारी आठवते आणि कोर्टाला करार कायद्याचं ७४ वं कलम. ठरवलेली रक्कम करारात कितीही लिहा, मिळते ती तेवढ्या मर्यादेतली वाजवी भरपाई, असं १८७२ चा तो कायदा सांगतो. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच इंग्रजांनी आपल्या शेठजींची काळजी घेऊन ठेवली आहे.

सगळ्यात कामाचं वाक्य मात्र चौथं, तारीख पुढे न्यायची सोय देणारं. कलम वाचून छोट्या ग्राहकाच्या मनात पहिली भीती येते ती ‘माझेच पैसे अडकले तर?’ ही. ती खरीही असते. साडीवाल्याचे पैसे लग्नघरांकडे अडकलेले असतात आणि लग्नघरांचे कुठे असतात ते देव जाणे. त्याला लाज न वाटता ‘दहा दिवस द्या’ म्हणायला दार उघडं ठेवलं की तो गप्प बसत नाही. पैसे उशिरा येणं परवडतं. फोन न उचलणं परवडत नाही.

शेवटचं तक्रारीचं वाक्य एका विशिष्ट जातीच्या ग्राहकासाठी आहे. पिशव्या छापून, वाटून, गिऱ्हाइकांच्या स्वयंपाकघरात कढीपत्ता ठेवायला जाऊन दोन महिने झाल्यावर त्याला त्यातला लाल रंग ‘जरा वेगळा’ वाटायला लागतो. हा रंगदोष बिलाच्या तारखेनंतरच दिसतो.

कलम द्यायची वेळही पंचांगासारखीच सांभाळावी लागते. नवा ग्राहक असेल तर कोटेशनबरोबर, कारण तेव्हा दोघंही प्रेमात असतात आणि कुंडलीतले दोष बोलून घ्यायला हीच वेळ बरी. जुन्या ग्राहकाला चालू बिलावर ते कधीच लावायचं नाही. एप्रिलमध्ये सगळ्यांना एकच पत्र जातं: नव्या आर्थिक वर्षापासून नव्या कामांना या अटी, जुन्या कामांना जुन्याच. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. वेळेवर पैसे देणाऱ्या मसालेवाल्या काकूंनासुद्धा. फक्त थकवणाऱ्यांनाच पत्र गेलं तर ते बाजारात एकमेकांना भेटतात आणि त्यांची संघटना होते. काकूंनी पत्र वाचून फोन केला होता, “हे मला कशाला? मी तर बिल यायच्या आधी पैसे पाठवते.” म्हटलं, “काकू, वर्गात शिस्तीचा फळा सगळ्यांसाठीच लावतात.” त्या माजी शिक्षिका असल्यामुळे हे त्यांना पटलं. शिवाय त्यांनी पत्रातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून पाठवल्या.

पत्र पाठवून भागत नाही, होकार लागतो. छोट्या ग्राहकाकडून स्टॅम्पपेपरवर सह्या घ्यायला गेलात तर तो आधी मेहुण्याला विचारेल, मेहुणा वकिलाला विचारेल आणि काम तिसऱ्यालाच मिळेल. व्हॉट्सअॅपवर कोटेशन पाठवून ‘अटींसह मान्य’ एवढे शब्द लिहून मागितले तरी पुष्कळ झालं. इलेक्ट्रॉनिक साधनाने झालेला करार केवळ त्या कारणाने रद्द ठरत नाही, ही सोय माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहे. फक्त अंगठ्यावर समाधान मानू नये. आपल्याकडे लोक शोकसंदेशालाही अंगठा दाखवतात.

आता साडीवाल्या शेठजींची हकीगत. ‘उधारी बंद, कृपया आग्रह करू नये’ अशी पाटी त्यांच्या गल्ल्यामागे आहे, आणि तिच्याखाली बसूनच त्यांनी माझ्याशी उधारीचा व्यवहार ठरवला. काम होतं पिशव्या, खोके आणि टॅग यांच्या डिझाइनचं. मूळ रक्कम ४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,२००, एकूण ४७,२००. बिलाची तारीख १ सप्टेंबर, देय तारीख १६ सप्टेंबर. सवलतीचे सात दिवस धरून २३ सप्टेंबर. बिलाच्या तळाशी महावितरणचा आदर्श ठेवून दोन ओळी होत्या: ‘२३ सप्टेंबरपर्यंत: रु. ४७,२००. त्यानंतर: रोज रु. २० विलंब आकार अधिक जीएसटी.’ चाळीस हजारांचा दीड टक्का ६००, भागिले ३०, म्हणून रोजचे वीस. टक्क्यांपेक्षा रुपये लिहिलेले बरे. ‘दरमहा दीड टक्का’ वाचून शेठजी नुसते मान हलवतात. ‘रोज वीस रुपये’ वाचून त्यांना रोज एक वडापाव हातातून जाताना दिसतो.

इथं जीएसटीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती ग्राहकांना खरोखर माहीत नसते. त्यांना वाटतं, त्यांनी पैसे दिले की आपण कर भरतो. प्रत्यक्षात सप्टेंबरच्या बिलावरचा कर, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला २० ऑक्टोबरपर्यंत भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणजे शेठजींनी न दिलेले ७,२०० रुपये मी माझ्या खिशातून सरकारला देऊन मोकळा झालेला असतो. हे शेठजींना नीट समजावून सांगितलं तेव्हा ते हळहळले. “अरेरे! म्हणजे सरकार तुम्हालासुद्धा थांबत नाही?” आपण दोघंही सरकारचे बळी आहोत अशा भावनेने त्यांनी आणखी एक चहा मागवला.

आठवणीचे निरोप ठरलेलेच असतात. १३ सप्टेंबरला पहिला: ‘१६ तारखेची आठवण, सोबत क्यूआर कोड.’ यात आकाराचा उल्लेखही नाही. १७ ला दुसरा: ‘कालची तारीख होती, कदाचित राहून गेलं असेल.’ आणि २२ ला तिसरा: ‘उद्यापर्यंत रक्कम आली तर काहीही आकार लागणार नाही.’ विलंब आकाराची खरी कमाई या तिसऱ्या निरोपात आहे. बहुतेक ग्राहकांचे पैसे २२ ते २३ च्या दरम्यान येतात, आणि एक पैसाही आकार न घेता आपलं काम होतं. धमकी न देता अंतिम तारीख दोनदा सांगता येते, हा सात दिवसांच्या सवलतीचा आणखी एक फायदा.

शेठजी मात्र बहुतेकांत मोडत नाहीत. २३ गेली, पितृपक्ष गेला, नवरात्रातल्या रोजच्या रंगाच्या साड्या खपल्या, दसरा झाला. या काळात मी फोन केला नाही. दर आठवड्याला फक्त थकबाकीचा उतारा जात होता, एका ओळीचा: मूळ रक्कम, झालेले दिवस, आकार. शेवटी २६ ऑक्टोबरला दुपारी त्यांचाच फोन आला. आवाजात दुखावलेला प्रेमळपणा होता.

“हे काय लावलंय तुम्ही? सहाशे साठ?”

“२४ सप्टेंबरपासून आजपर्यंत ३३ दिवस झाले, शेठजी. तेहतीस वीसे सहाशे साठ.”

“आणि हे एकशे अठरा रुपये ऐंशी पैसे?”

“त्यावरचा जीएसटी.”

“उशिरावर पण जीएसटी?”

“मूळ कामावर जो दर, तोच विलंब आकारावर. कायद्यात तसंच आहे.”

पलीकडे मोठा उसासा. “अहो, आपल्यात आता वीस-वीस रुपयांचा हिशेब व्हायला लागला?” ४७,२०० रुपयांचा विषय या संपूर्ण संभाषणात एकदाही निघाला नाही. जणू ती रक्कम दोघांनाही मान्य असून केवळ इतिहासाचा भाग होती. सगळा जीव त्या ७७८ रुपये ८० पैशांत अडकला होता. आणि हे पाहिल्यावर विलंब आकाराचा खरा उपयोग लक्षात येतो: व्यापाऱ्याला घासाघीस करायला काहीतरी लागतंच. पूर्वी हे गृहस्थ मूळ बिलावर घासाघीस करायचे. ‘पंचेचाळीस राउंड फिगर करा’ म्हणून २,२०० रुपये उडवायचे. आता त्यांना दाताखाली धरायला एक वेगळी वस्तू मिळाली होती, आणि ती माझ्या खिशातली नव्हती.

“शेठजी, असं करू,” मी म्हटलं, “आज संध्याकाळपर्यंत बिलाची पूर्ण रक्कम आली, तर या वेळेपुरता आकार माफ.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“म्हणजे ऐंशी पैसेसुद्धा?”

“ऐंशी पैसेसुद्धा.”

दिवेलागणीच्या आधी, बरोबर पाच चाळीसला, ४७,२०० जमा झाले. शेठजी ७७८ रुपये जिंकल्याच्या आनंदात होते. त्यांनी ती गोष्ट शेजारच्या भांडीवाल्यालाही सांगितली, आणि पुढच्या महिन्यात भांडीवाला माझ्याकडे काम घेऊन आला. येताना ‘माफीचं काय असतं ते?’ असं विचारतच आला.

या माफीत एक हिशेबाची खुबी आहे, ती हिशेबनीसांनीही अधोरेखित करावी. विलंब आकारावरचा जीएसटी तो आकार लावला तेव्हा देय होत नाही. तो प्रत्यक्ष हाती येतो तेव्हा होतो. त्यामुळे दर आठवड्याचा उतारा हा नुसता उतारा ठेवायचा, त्याची डेबिट नोट काढायची नाही. आकार खरंच मिळाला की मगच नोट काढायची. उत्साहाच्या भरात दर आठवड्याला डेबिट नोटा काढल्या, तर माफ करताना तितक्याच क्रेडिट नोटा काढत बसावं लागतं, आणि शेठजींना माफ केलेल्या रकमेपेक्षा आपल्या सीएची फी जास्त होते.

माफी एकदाच. तीही लेखी: ‘या वेळेपुरता आकार माफ केला आहे, अटी कायम आहेत.’ दर वेळी माफ केलं तर महिनाभरात ते कलम बिलावरच्या गणपतीच्या चित्रासारखं होतं. सगळे नमस्कार करतात, वाचत कुणी नाही. शेठजींनी पुढच्या बिलाला पुन्हा उशीर केला, तेव्हा आकार घेतला. रक्कम लहान होती, १४० रुपयांच्या आसपास. त्यांनी ती रोख दिली, वर पावती मागितली आणि म्हणाले, “आता बरोबर आहे. एकदा सोडलंत, दुसऱ्यांदा सोडलं असतं तर मला वाटलं असतं, तुम्हाला धंदा कळत नाही.”

फोन करणारा दुसरा कुणीतरी असावा, असं बरेच जण सुचवतात. म्हणजे ‘आमच्या अकाउंट्स विभागाकडून’ असा ईमेल पाठवायचा. आमच्या ओळखीत एक अकाउंट्स विभाग आहे. तो दुपारी कुकर लावून तीन शिट्ट्या होईपर्यंत ईमेल पाठवतो आणि नात्याने डिझायनरची वहिनी लागतो. हे चालतं, कारण वहिनींचा स्वभाव ग्राहकाला माहीत नसतो. पण ‘आमचं सॉफ्टवेअरच आपोआप लावतं, माझ्या हातात काही नाही’ असं सांगायच्या भानगडीत पडू नये. शेठजींकडेही तेच सॉफ्टवेअर आहे, आणि ते त्याच्या हातात काय काय आहे हे आपल्याहून चांगलं जाणतात.

खऱ्या अर्थाने खलनायकाचं काम करायला मिळतो तो ग्राहकाचाच सीए. यासाठी बिलावर आपला उद्यम नोंदणी क्रमांक छापावा. नोंदणी फुकट असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यावे लागतात, आणि करारात काहीही लिहिलं तरी ती तारीख ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. चुकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर साडेपाच टक्के धरला तर तिप्पट म्हणजे साडेसोळा. आपला दीड टक्का महिना त्याच्या आसपासच बसतो, हे शेठजींना सांगायला बरं पडतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा आधार नाही, पण वस्तू बनवणाऱ्याला आणि आपल्यासारख्या सेवा देणाऱ्याला आहे. याच कायद्याच्या जोरावर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण साडीवाल्या शेठजींवर ते काढणं म्हणजे संबंध जपण्याचा विषयच संपवणं. ते ज्याचं तोंड पुन्हा पाहायचं नाही त्याच्यासाठी राखून ठेवावं.

त्यापेक्षा छापलेला क्रमांक मुकाट्याने जास्त काम करतो. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आली, की या उद्योगांना मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. त्यामुळे मार्च जवळ आला की ग्राहकाचा सीए बिलांच्या गठ्ठ्यातून तो क्रमांक शोधून काढतो आणि ग्राहकाला ओरडतो. आपण चहा पीत असतो. क्लासच्या सरांनी तर एकदा मलाच फोन करून सांगितलं, “तुमचे पैसे लगेच पाठवतोय, आमचा सीए फार त्रास देतो हो.” मीही सहानुभूतीने म्हटलं, “काय सांगणार सर, सीए असेच असतात.”

हेच सर सुरुवातीला माझ्या कलमावर सगळ्यात जास्त चिडले होते. “शिक्षणक्षेत्रात असं व्यापारी वागणं शोभत नाही,” असं म्हणाले. मी त्यांच्या पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकाचा मसुदा उघडला. तिसऱ्या पानावर त्यांनीच लिहून दिलेला मजकूर होता: ‘हप्ता १० तारखेनंतर भरल्यास प्रतिदिन ५० रुपये विलंब शुल्क.’ मी काही बोललो नाही. फक्त विचारलं, “सर, ही ओळ ठळक करू का?” त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “करा. आणि तुमची ती अट मान्य आहे असं समजा.” तेवढ्यावर न थांबता ‘अटींसह मान्य’ हे शब्द मी लिहून घेतले. कुठल्याही छोट्या ग्राहकाशी बोलण्याआधी त्याची स्वतःची पावती, पाटी किंवा नियमावली एकदा वाचून घ्यावी. त्यात कुठे ना कुठे आपलं कलम सापडतंच, बऱ्याचदा आपल्याहून कडक.

दहा हजारांच्या आतल्या कामाला मी हे काहीच लावत नाही. तिथं निम्मे आधी आणि निम्मे फाइल देण्याआधी. पाच रुपये रोज मागून माणूस तोडण्यात अर्थ नसतो. ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत त्याच्यावरही आकाराचा परिणाम होत नाही. त्याला हप्ते बांधून द्यावेत. विलंब आकार लागू पडतो तो पैसे असूनही हात न वळणाऱ्यावर, आणि सुदैवाने आपल्याकडे तीच जमात मोठी आहे.

एका जमातीपासून मात्र सांभाळून राहावं. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते. नवं हॉटेल काढणार, मेन्यूकार्डापासून पाटीपर्यंत सगळं करायचं. मी कोटेशन पुढे ठेवलं आणि नेहमीप्रमाणे विलंब आकाराचं कलम बोटाने दाखवलं. शेठजी असते तर अर्धा तास वाद घातला असता, सातचे दहा दिवस करून घेतले असते, दीडचा सव्वा टक्का मागितला असता. ज्याला पैसे द्यायचे असतात तो असाच वाद घालतो. या गृहस्थांनी वाचलंसुद्धा नाही. हसून म्हणाले, “दीड टक्का? अहो, तीन लावा, पाच लावा. आपल्याला काय फरक पडतो!”

मी त्यांच्याकडून पूर्ण रक्कम आगाऊ मागितली. ते ‘उद्या सांगतो’ म्हणून गेले. अजून उद्या झालेला नाही.